प्रथा म्हणजे नक्की कोणाची प्रथा? आदिवासी मुलीचा वारसा आणि एका पोटकलमाची सत्तर वर्षे

एका साध्या हिशोबापासून सुरुवात करू. समजा, ओझर परिसरातला एक बौद्ध शेतकरी वारला. मृत्युपत्र नाही, बायको आधीच गेलेली. मागे सहा एकर जमीन, दोन मुलगे आणि दोन मुली. कायद्याने प्रत्येकाच्या वाट्याला दीड एकर येते. आता ओझरहून उत्तरेला दिंडोरी तालुक्यात शिरा. तिथे तसाच एक महादेव कोळी किंवा कोकणा शेतकरी वारला. जमीन तेवढीच, मुलंही तेवढीच. इथे भाऊ म्हणतात, आमच्यात मुलीला जमीन नसते. मग प्रत्येक भावाला तीन एकर आणि बहिणींना शून्य.

दोन्ही बहिणींना संविधान एकच, मतदान एकच, तहसील कचेरीतला सातबाराचा नमुनाही एकच. फरक पडतो तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ या कायद्याच्या कलम २ मधल्या दुसऱ्या पोटकलमाने. त्याचा आशय असा: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून वेगळा आदेश दिला नाही, तर या कायद्यातले काहीही अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना लागू होणार नाही. हे एक वाक्य सत्तर वर्षे आदिवासी मुलीच्या आणि तिच्या बापाच्या जमिनीच्या मध्ये उभे आहे. पेठ-सुरगाण्यातून दर हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरणाऱ्या बाया आपण रोज बघतो. गावी त्यांच्या माहेरी जमीन असते, सासरीही असते. दोन्हीकडच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव मात्र क्वचितच सापडते.

हे पोटकलम आले कुठून, हे समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल पुढे रेटले, त्यात मुलीला वारसाहक्क हा मुख्य वादाचा मुद्दा होता. बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला वारसाचा तुकडा म्हणजे १९५६ चा अधिनियम. नाव 'हिंदू' असले तरी तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या नावाबद्दल आपली तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण आपल्या बहिणींना जमिनीत जो वाटा मिळतो तो याच कायद्याने, हेही खरे.

आदिवासींना मात्र यातून वगळले. वगळण्यामागचा युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. आदिवासी हिंदू नाहीत, त्यांची स्वतःची समाजरचना आणि रीतीभाती आहेत, त्या बाहेरच्यांनी मोडू नयेत. आपणही हेच म्हणतो. पण वगळल्यानंतर त्या रिकाम्या जागी काय ठेवले? काहीच नाही. आदिवासींसाठी वारसाचा वेगळा कायदा झाला नाही, त्यांच्या रीती लिहून घेऊन तपासल्या गेल्या नाहीत. उरली ती फक्त 'प्रथा'. दरम्यान बाकीच्या मुलींसाठी कायदा पुढे सरकत राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले, २००५ मध्ये ते देशभर झाले, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, बाप त्या वेळी हयात असो वा नसो. यातली एकही पायरी दिंडोरीच्या त्या आदिवासी मुलीपर्यंत पोचली नाही.

आता या 'प्रथे'कडे नीट बघू. आपल्या भागात कोर्टाने प्रथा मानावी हा नियम इंग्रजांच्या काळातला आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये कलम २६ होते. दाव्याचा निकाल कशावर द्यायचा, याची क्रमवारी त्यात दिली होती. आधी लागू असलेला कायदा. तो नसेल तर त्या मुलखातली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि यातले काहीच सापडले नाही, तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. मध्य प्रांतात, म्हणजे आजचे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ज्यात होते त्या भागात, १८७५ च्या कायद्याने असाच नियम घातला. या क्रमवारीतली शेवटची पायरी लक्षात ठेवा, कारण दीडशे वर्षांनी तीच कामाला आली.

प्रथा सिद्ध करायची म्हणजे काय? कोर्ट म्हणते, ती जुनी असली पाहिजे, सतत पाळलेली असली पाहिजे, स्पष्ट असली पाहिजे आणि अवाजवी नसावी. पुरावा म्हणून येतात जाणत्या माणसांच्या साक्षी आणि पूर्वीच्या वाटण्यांची उदाहरणे. आता जाणता म्हणून कोर्टात उभा कोण राहतो? गावचा पाटील, पंच, भावकीतला वडीलधारा. ज्या वाटण्यांचे दाखले दिले जातात त्या कोणी केलेल्या? त्यांनीच. मुलीने कधी वाटा मागितला नाही, म्हणून तिला वाटा नसतो, आणि वाटा नसतो म्हणून ती मागत नाही. ज्याला त्या प्रथेचा फायदा आहे तोच तिचा साक्षीदार आणि तोच तिचा अर्थ सांगणारा. शास्त्र सांगणारा आणि दक्षिणा घेणारा एकच असला की काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

शिवाय 'आमच्यात मुलीला जमीन नसते' हे वाक्य वाटते तितके पक्के नाही. मुलगा नसला की घरजावई आणायची रीत आपल्या भागातल्या आदिवासी गावांना अपरिचित नाही. जावई सासऱ्याच्या घरी राहतो, शेत कसतो आणि पुढे जमीन त्या घरात राहते. याचा अर्थ काय? जमीन मुलीकडून पुढे जाऊ शकते, हे त्या समाजाला माहीत आहे आणि मान्यही आहे. अडचण फक्त भाऊ असताना येते. म्हणजे प्रश्न मुलीच्या लायकीचा नाही, देवाचा नाही, कुळाचाही नाही. प्रश्न वाटेकरी वाढण्याचा आहे. तो प्रामाणिकपणे तसाच मांडावा.

कोर्टांनी या प्रश्नाशी कसा व्यवहार केला? पहिला मोठा निकाल १९९६ चा, मधु किश्वर विरुद्ध बिहार राज्य. छोटानागपूर काश्तकारी कायदा, १९०८ मधल्या ज्या कलमांनी जमीन फक्त पुरुष वंशाकडे जाते, त्यांना हो जमातीच्या स्त्रियांच्या वतीने आव्हान दिले होते. याचिका १९८० च्या दशकातल्या. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी कलमे रद्द करायला नकार दिला. त्यांनी एवढेच केले, की घरातल्या स्त्रीचे पोट त्या जमिनीवर अवलंबून असेल तोवर तिला तिथून काढता येणार नाही असे सांगितले. न्या. के. रामस्वामी यांनी वेगळा निकाल लिहिला आणि आदिवासी स्त्रीला पुरुषाइतकाच वारसाहक्क आहे असे म्हटले. पण ते अल्पमतात राहिले. बहुमताने दिले ते जगण्यापुरते छप्पर. हक्क दिला नाही, दया दिली.

दुसरा दरवाजा २००० साली उघडला आणि तो जास्त विचार करायला लावणारा आहे. लबिश्वर मांझी विरुद्ध प्राण मांझी या प्रकरणात एका संथाळ विधवेच्या जमिनीवरील हक्काचा वाद होता. हे कुटुंब हिंदूंचे रीतिरिवाज पाळते असा पुरावा समोर आला. तेव्हा कोर्ट म्हणाले, मग यांना १९५६ चा कायदा लागू होतो. ऐकायला बरे वाटते, पण याचा अर्थ नीट पाहा. आदिवासी स्त्रीला जमीन हवी असेल तर तिने आधी सिद्ध करावे की आमचे कुटुंब हिंदू झाले आहे. श्राद्ध कसे घालता, लग्न कोण लावतो, देव कोणते. म्हणजे एका हातात जमीन आणि दुसऱ्या हातात ओळख, दोन्हीपैकी एक निवड. आपल्यापैकी ज्यांनी १९५६ मध्ये धर्म सोडला, त्यांच्या नातवंडांनी तरी हा सौदा न्याय म्हणून मान्य करू नये. जी बाई आपला आदिवासी धर्म पाळते किंवा बौद्ध झाली आहे, तिने काय करायचे? अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे आदिवासी माणूस बौद्ध झाला तरी तो जमातीचाच राहतो आणि ते पोटकलम त्याच्या मुलीला आडवे येतेच.

९ डिसेंबर २०२२ रोजी कमला नेटी प्रकरणात हा प्रश्न सरळ समोर आला. ओडिशातल्या एका आदिवासी स्त्रीने संपादित जमिनीच्या मोबदल्यात वाटा मागितला होता. सुप्रीम कोर्टाने सांगितले, पोटकलम स्पष्ट आहे, आम्ही ते वळवू शकत नाही. त्याच निकालात कोर्टाने केंद्र सरकारला हे कलम बदलण्याचा विचार करायला सांगितले, कारण बिगर-आदिवासी मुलीला वाटा आणि आदिवासी मुलीला नाही, याला आधार दिसत नाही. मोबदल्याचा मुद्दा आपल्या जिल्ह्याला परका नाही. रस्ता, धरण, औद्योगिक वसाहत आली की वाद अचानक पेटतो, कारण जमीन एकदम रोख रकमेत बदलते आणि ती रक्कम ज्याचे नाव लागलेले असते त्याच्याच खात्यात जाते.

आणि मग १७ जुलै २०२५. राम चरण विरुद्ध सुखराम. छत्तीसगडच्या सुरगुजा भागातले गोंड कुटुंब. बापाला पाच मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत आईचा वाटा मागितला. वाद १९९२ चा. खालच्या दोन्ही कोर्टांनी दावा फेटाळला, हायकोर्टाने २०२२ मध्ये तेच केले. कारण एकच: गोंडांमध्ये मुलीला वारसा मिळतो अशी प्रथा तुम्ही सिद्ध केली नाही.

सुप्रीम कोर्टाने बोट ठेवले ते नेमके इथे. तुम्ही सुरुवातच मुलगी वगळलेली आहे असे धरून केली, असे ते खालच्या कोर्टांना म्हणाले. उलटही धरता आले असते. मुलगी वारस आहेच असे मानून, तिला वगळणारी प्रथा दाखवा, असे भावांना विचारता आले असते. या प्रकरणात मुलीला देणारी प्रथा सिद्ध झाली नव्हती, तशी तिला नाकारणारीही झाली नव्हती. मग कायदा नाही, प्रथा नाही, उरते काय? ती शेवटची पायरी. मध्य प्रांताच्या १८७५ च्या कायद्यातला न्याय, समता आणि सदसद्विवेक. त्याला संविधानाच्या कलम १४ ची जोड देऊन कोर्टाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. यात १९५६ चा हिंदू कायदा लागू केलेला नाही. कोणाला हिंदू ठरवावे लागले नाही. गोंड मुलगी गोंड राहून वारस ठरली.

आपल्यासाठी हा निकाल दोन कारणांनी जवळचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंड त्याच मध्य प्रांतात होते, आणि नाशिक ज्या इलाख्यात होते तिथल्या १८२७ च्या नियमातही तीच शेवटची पायरी आहे. पण या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण लोकांना खोटी आशा देऊ. भावांनी मुलीला वगळणारी प्रथा भक्कम पुराव्याने सिद्ध केली तर काय, हा प्रश्न त्या प्रकरणात उभाच राहिला नव्हता. तिथे वाद कलम १३ वर जाईल. त्या कलमात 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा कायदा शून्य ठरतो. हे हत्यार बाबासाहेबांच्या संविधानात पहिल्या दिवसापासून आहे, पण प्रत्येक वेळी ते एखाद्या मुलीने कोर्टात जाऊन उचलावे लागते. वर दिलेल्या प्रकरणाला तेहतीस वर्षे लागली. आणि हिंदू कायदा सरसकट लावायचा मार्ग कोर्टाने बंदच ठेवला आहे. हिमाचलच्या हायकोर्टाने २०१५ मध्ये तिथल्या आदिवासी भागातल्या मुलींना १९५६ च्या कायद्याने वारसा मिळेल असे म्हटले होते, ते सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केले.

आता सर्वात जोरदार आक्षेप. मुलीला जमीन दिली की ती बिगर-आदिवासीशी लग्न करेल आणि जमीन समाजाबाहेर जाईल. १९९६ च्या खटल्यातही बिहारच्या बाजूने हीच भीती पुढे आली होती. ही भीती काल्पनिक नाही. जमिनीसाठी आदिवासी मुलीशी लग्न करणारे किंवा आदिवासीच्या नावाने जमीन घेणारे लोक आहेत. म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे, ती उडवून लावून चालणार नाही.

पहिले उत्तर इतिहासाचे आहे. महाराष्ट्राने १९७४ मध्ये आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा केला, कारण हजारो आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या होत्या. त्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार तपासायला घेतले. या जमिनी कोणाच्या नावावरून गेल्या? मुलींच्या नावावर जमीन नव्हतीच. त्या गेल्या पुरुषांच्या अंगठ्यांनी, सावकाराच्या कर्जात, दारूत, फसवणुकीत. मुलीला वगळून जमीन वाचली असती, तर तो कायदा करायची वेळच आली नसती.

दुसरे उत्तर कायद्याचे आहे. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. मुलगी मालक झाली तरी हे बंधन तिच्यावर तसेच राहते, आणि लग्नाने तिची जमात बदलत नाही. फट एकच उरते, तिच्या मृत्यूनंतर बिगर-आदिवासी नवरा वारस म्हणून येण्याची. ती बुजवायला एक साधी अट पुरते: अशी जमीन जमातीच्या वारसांकडेच जाईल. एका फटीसाठी सगळ्या मुलींना बेदखल करायची गरज नाही. आणि बिगर-आदिवासी मुलीशी लग्न करणाऱ्या भावाच्या जमिनीबद्दल ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, हेही लक्षात घ्या.

आदिवासी जमिनीत स्त्रीचे नाव लावणे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(४) प्रमाणे वनजमिनीचा पट्टा विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या लाँग मार्चची ती एक मुख्य मागणी होती, की हे पट्टे द्या. तो मार्च चालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पट्ट्यावर बायकोचे नाव आले म्हणून कोणाची संस्कृती बुडाली नाही. पण इथेही अर्धेच काम झाले. तेच कलम म्हणते की हा हक्क वारसाने पुढे जाईल, विकता येणार नाही. वारस कोण, हे मात्र सांगत नाही. म्हणजे पट्टा घेताना आई आली आणि पुढच्या पिढीत मुलगी पुन्हा प्रथेच्या हवाली.

कार्यकर्त्यांनी गावात नेमके काय बघायचे? माणूस वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची असते. नावे वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-क मध्ये, येतात. मग फेरफार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मुलगी गायब होते ती याच टप्प्यांवर. वारसांच्या यादीत तिचे नावच दिले जात नाही, किंवा नोटीस माहेरच्या पत्त्यावर येते आणि भाऊच ती घेतो, किंवा नाव लागते आणि लगेच हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. म्हणून वर्दी देतानाच सगळ्या मुलींची नावे आणि त्यांचे सासरचे पत्ते लिहून घ्या. फेरफाराची नक्कल मागा. हक्कसोडपत्र ठेवले असेल तर ते काय आहे, सही केल्यावर काय जाते, हे तिला भावांच्या गैरहजेरीत समजावून सांगा. तिने समजून-उमजून सोडले तर तो तिचा निर्णय. पण हेही सांगा, की सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. नोंद खरी धरली जाते ती फक्त उलट सिद्ध होईपर्यंत, आणि भाऊ दिवाणी कोर्टात जाऊ शकतात.

दुसरी जागा ग्रामसभा. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणचा काही भाग अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायदा, १९९६ ने तिथल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि रीती जपण्याचे काम दिले आहे. ग्रामसभेत बायकाही सभासद असतात. तिथे ठराव व्हावा, की आमच्या गावात मुलगा-मुलगी दोघे वारस. असा ठराव कायदा होत नाही. पण उद्या कोर्टात एखादा पंच 'आमच्यात मुलीला नसते' म्हणाला, तर गावाने स्वतः काय ठरवले होते याचा तो लेखी पुरावा असेल. प्रथा सांगण्याचा मक्ता पंचांच्या हातून गावाच्या हातात येईल.

आणि आपली मागणी काय असावी? 'आदिवासींना हिंदू कायदा लावा' ही नव्हे. ती मागणी आदिवासीला हिंदू ठरवणाऱ्यांच्या सोयीची आहे. 'प्रथेला हात लावू नका' हीही नव्हे, ती भावांच्या सोयीची आहे. मागणी अशी असावी, की संसदेने अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र, छोटा वारसा कायदा करावा. त्यात मुलगा आणि मुलगी समान वारस असतील, जमीन जमातीबाहेर जाणार नाही, आणि वगळणारी प्रथा आहे असे म्हणणाऱ्यावरच ती सिद्ध करण्याची आणि कलम १४ पुढे टिकवण्याची जबाबदारी असेल. कायदा बोलायला तयार होईपर्यंत दिंडोरीतल्या त्या दोन बहिणींची नावे वारसांच्या यादीत लिहिली जातात की नाही, हे बघणे आपल्या हातात आहे.

जय भीम! जोहार!